‘रिपीट’ म्हटल्यावर काय म्हणायचं: परमिट रूममधल्या नव्या वेटरसाठी

रात्रीचे पावणेदहा. सात नंबरच्या टेबलावरून एक हात वर येतो, बोट हवेत गोल फिरतं. म्हणजे रिपीट. तुम्ही लांबूनच बघता, की ज्यांचा हात वर आहे त्या नानांची मान आता बोलताना एका बाजूला कलतेय, आणि मघापासून तिसऱ्यांदा ते कापसाच्या भावाची तीच गोष्ट सांगतायत. नवा वेटर इथे दोनपैकी एक चूक करतो. एक तर मुकाट्याने पेग आणून ठेवतो, नाही तर सगळ्यांदेखत म्हणतो, “काका, तुम्हाला जास्त झाली.”

मी दुसरी चूक केली होती. नोकरीला लागून दोनच महिने झाले होते, लग्नसराई होती. समोर त्या गृहस्थांचे जावई बसलेले. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत ग्लास भिंतीवर गेला आणि जावई ताटावरून उठले. मालकांनी मला काढलं नाही, पण त्या रात्री जवळ बसवून एवढंच विचारलं, “तू बोलला ते खोटं नव्हतं. पण कोणासमोर बोलला?” खाली लिहिलंय ते सगळं त्या प्रश्नातून हळूहळू शिकलेलं आहे. आता जळगाव-भुसावळकडच्या हायवेच्या हॉटेलांत कॅप्टन म्हणून बरीच वर्षं झाली. नवी पोरं आली की त्यांना पहिल्या आठवड्यात हेच शिकवतो.

बोलणं हवेतलं राहू नये म्हणून एक नमुन्याचं टेबल घेऊ. सात नंबरवर चार जण. नाना, पंचावन्नच्या आसपास, कापसाचा माल घालून आलेले. त्यांच्यासोबत त्यांचे व्याही. तिसरे नानांच्या वयाचे, त्यांना सगळे आबा म्हणतात, जुने दोस्त. चौथा नानांचा भाचा, तो गाडी चालवायला आलाय म्हणून कोल्ड्रिंक पितोय. मे महिना आहे, बाहेर रात्रीसुद्धा झळ मारतेय.

पहिलं काम: माणशी हिशेब

बिलासाठी टेबलाचा हिशेब असतोच, पण तुम्हाला माणसाचा हिशेब हवा. ऑर्डर लिहायच्या केओटीच्या वहीच्या मागच्या बाजूला चार खुर्च्यांच्या चार रेघा काढा आणि जो पेग ज्याच्या पुढे गेला त्याची खूण त्या रेघेवर करा. शेजारी वेळ लिहा. यात कुणाचं नाव लिहायचं नाही, खुर्चीच लिहायची.

मोजायचं तीस एमएलच्या स्मॉलमध्ये. साठ म्हणजे दोन, नव्वद म्हणजे तीन, क्वार्टर म्हणजे सहा. हे सगळ्यांना येतं. येत नाही ते बिअरचं. आपल्याकडे उन्हाळ्यात “दारू नको, गरम पडते, बिअर दे” म्हणणारे फार, आणि तेवढ्यावर माणूस थांबला असं वेटरलाही वाटतं. स्ट्राँग बिअरच्या साडेसहाशे एमएलच्या बाटलीवर आठ टक्क्यांपर्यंतचा आकडा असतो. व्हिस्की-रमच्या बाटलीवर बहुतेक ४२.८ असतो. गुणाकार करून बघा: एका स्ट्राँग बाटलीत जवळपास चार स्मॉलइतका अल्कोहोल निघतो. म्हणजे साठ-साठचे दोन पेग घेतलेल्या नानांनी वर एक स्ट्राँग मागवली, तर तुमच्या रेघेवर आठ खुणा झाल्या पाहिजेत, पाच नव्हे.

दुसरा आकडा वेळेचा. धडधाकट माणसाचं शरीर ढोबळमानाने तासाला एक स्मॉल निस्तरतं. कुणाचं थोडं जास्त, कुणाचं कमी. नाना आठ वीसला बसले, आता पावणेदहा. म्हणजे आठपैकी फार तर दीड उतरलीय, साडेसहा अंगात आहे. आणि शेवटची बिअर अजून पोटातच आहे. पोटातली दारू रक्तात पुरी चढायला अर्धा ते दीड तास लागू शकतो. म्हणून आत्ता दिसतायत तेवढेच नाना टाइट नाहीत. आत्ता काहीही दिलं नाही तरी साडेदहाला ते आणखी टाइट असतील. हे एकदा डोक्यात बसलं की “अजून एक चालेल, बोलतायत तर नीट” असं तुम्ही म्हणणार नाही.

आणि लिंबू, काळा चहा, कॉफी, डोक्यावर गार पाणी, दही यांपैकी कशानेही दारू उतरत नाही. कॉफीने माणूस फक्त जागा राहतो, टाइटच्या टाइट. उतरायला वेळच लागतो.

खुणा कशा वाचायच्या

डोळे लाल झाले, आवाज वाढला, हे काही पुरेसं नाही. आपल्याकडे न पिताही आवाज मोठाच असतो. माणूस आला तेव्हा कसा होता त्याच्याशी तुलना करायची. म्हणून पाणी ठेवताना पहिल्याच भेटीला दोन शब्द बोलून घ्या. “नाना, बाहेर लई गरम असंल ना?” एवढं विचारलं, की त्यांचा मूळ आवाज आणि बोलण्याचा वेग तुमच्या कानात राहतो.

नंतर बघायच्या त्या बारीक गोष्टी. तीच गोष्ट तोच शेवट करून पुन्हा सांगणं. शेंगदाणा चिमटीतून सुटणं. ग्लास ठेवताना टेबलाची कड अंदाजाने शोधणं. पाचशेची नोट दोनदा मोजणं. आणि सगळ्यात खात्रीची खूण बाथरूमला जाताना दिसते. बसलेला माणूस स्वतःला सावरू शकतो, उठलेला नाही. उठताना खुर्ची मागे सरकवायच्या आधीच हात टेबलावर टेकला, आणि वाटेतल्या रिकाम्या खुर्च्यांना स्पर्श करत गेले, तर पुढचा पेग बंद. दार बंद करून ते आत असेपर्यंतची दोन मिनिटं तुमच्यासाठी सोन्याची आहेत. त्यांचं काय करायचं ते पुढे सांगतो.

एक सावधगिरी मात्र इथेच. रेघेवर एक-दोन खुणा आहेत आणि माणूस मात्र बरळतोय, घामाने भिजलाय, एका बाजूचं तोंड वाकडं दिसतंय किंवा एक हात उचलत नाही, तर ती दारू नसू शकते. साखर उतरलेला माणूस अगदी पिलेल्यासारखा दिसतो, अर्धांगाचा झटका आलेलासुद्धा. सोबतच्यांना ताबडतोब विचारा, “यांना शुगर आहे का?” आणि शंका राहिली तर १०८ ला फोन. हिशेबाच्या रेघा इथेही कामाला येतात.

नाही म्हणायच्या आधीचा अर्धा तास

चांगल्या वेटरला फारसं ‘नाही’ म्हणावंच लागत नाही, कारण तो चार खुणांनंतरच गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकतो.

आपल्याकडे क्वार्टर किंवा हाफ उघडून टेबलावर ठेवायची पद्धत आहे. ती बदला. बाटली साइड टेबलावर ठेवा आणि पेग तुम्ही भरा. पाहुण्याला यात मान वाटतो आणि वेग तुमच्या हातात येतो. बाटली त्यांच्याजवळ असेल तर सहावी खूण कधी झाली ते तुम्हाला कळणारही नाही. आबांनी आग्रह केला आणि गप्पांत व्याह्यांनीच नानांचा ग्लास भरला, असं होतं.

चखन्याकडे लक्ष द्या. खारे शेंगदाणे, मसाला पापड, तिखट शेव यांनी तहान लागते, आणि तहान लागलेला माणूस समोर जे आहे ते पितो. चार खुणांनंतर बशी उचलताना खारे शेंगदाणे पुन्हा भरू नका. काकडी, उकडलेली अंडी, पनीर सुचवा. आणि पाण्याचा जग न मागता भरलेला ठेवा. मे महिन्यात दिवसभर उन्हात जिनिंगच्या दारात उभा राहिलेला माणूस आधीच सुकलेला असतो. त्याची अर्धी तहान पाण्याचीच असते.

जेवणाची ऑर्डर लवकर काढून घ्या. वाक्य असं:

“नाना, भट्टीवर आता गर्दी होईल. भाकरीचं सांगून ठेवू का? लावायची तेव्हा लावू.”

शेवटचं अर्धं वाक्य महत्त्वाचं. त्याने आपल्याला उठवतायत असं वाटत नाही. एक सांगतो, खूप झालेल्या माणसाला झणझणीत शेवभाजी सुचवू नका. तिखट तर्री आणि भरलेलं पोट यांचं जमत नाही, ती टेबलावरच परत येते. मुगाची खिचडी-कढी किंवा साधं वरण-भात बरा. जेवणाने चढलेली उतरत नाही. पोटात उरलेली जरा सावकाश चढते, आणि तुम्हाला पंचवीस मिनिटं मिळतात. आपल्याला पंचवीस मिनिटंच हवी आहेत.

या टप्प्यावर काही जुने वेटर एक उद्योग करतात: पेगमध्ये दारू कमी घालून पाणी वाढवतात. करू नका. पाहुण्याला कळलं तर भांडण होतं, आणि त्या भांडणात तो बरोबर असतो. सोडा किंवा बर्फ जास्त हवा का, हे उघड विचारा.

कोणाशी बोलायचं

नाना बाथरूमला गेलेत. दोन मिनिटं आहेत. टेबलावर तिघं आहेत. बोलायचं कोणाशी?

नवी पोरं भाच्याकडे जातात, कारण तो शुद्धीवर आहे. पण भाचा मामाला “बस करा” म्हणू शकत नाही. म्हणाला तर मामा व्याह्यांसमोर त्याला चार शब्द सुनावतील, आणि आपल्यामुळे पोराची इज्जत जाईल. व्याह्यांशी तर चुकूनही बोलू नका. ती सोयरीक आहे. नानांना उद्या शरम वाटेल ती नेमकी त्यांचीच.

थांबवायला बरोबरीचा माणूस लागतो, घरी न्यायला धाकटा. म्हणून आबांकडे जायचं. पण टेबलाशी उभं राहून नाही, व्याही ऐकतील. बशी उचलायच्या निमित्ताने आबांच्या बाजूला वाका, त्यांच्या कानाच्या उंचीवर या, आणि फक्त एवढं म्हणा:

“आबा, जरा हात धुवायला येता का, एक विचारायचं होतं.”

बेसिनजवळ:

“आबा, नानांचं आता जेवणाकडे वळवू या का? पुढचं मी सावकाश करतो. तुम्ही तेवढं ‘मला भूक लागली’ म्हणा, म्हणजे मी ताटं लावतो.”

या वाक्यात ‘जास्त झाली’ कुठेच नाही, आणि आबांना काय करायचं ते नेमकं सांगितलंय. दोस्ताला “त्याला सांभाळा” म्हटलं की तो गोंधळतो. “मला भूक लागली” म्हणायला मात्र त्याला काहीच जड जात नाही. निम्म्याहून जास्त वेळा गोष्ट इथेच मिटते. नाना परत येतात, आबा म्हणतात, “चल रे, पोटात कावळे ओरडायला लागले,” आणि ताटं येतात.

भाच्याला वेगळं गाठायचं, दोन मिनिटांनी, गाडीच्या निमित्ताने: “भाऊ, गाडी तुम्हीच चालवणार ना? किल्ली तुमच्याकडेच आहे का?” तो हो म्हणाला की तुमचं एक मोठं काम आधीच झालं.

आबाही तेवढेच टाइट असतील तर? मग टेबलावर बरोबरीचा माणूसच नाही असं समजा आणि सरळ कॅप्टनला सांगा.

स्टाफमधली खूण

तुम्ही थांबवलंत आणि नानांनी शेजारून जाणाऱ्या दुसऱ्या पोराला बोट दाखवलं, त्याने पेग आणून ठेवला. सगळं मुसळ केरात. म्हणून स्टाफमध्ये एक ठरलेलं वाक्य हवं. आमच्याकडे ते होतं, “सातला भाकरी.” कॅप्टन मोठ्याने म्हणाला, “सातला भाकरी सांगितली का?” की काउंटर, बारमन आणि हॉलमधल्या सगळ्या पोरांना कळायचं, सात नंबरला आता दारू नाही. पाहुण्याला ते जेवणाचंच वाक्य वाटतं. नाना स्वतः काउंटरवर गेले तरी बारमनचं उत्तर तयार असतं, “नाना, तुमची भाकरी टाकलीय.”

आणि मालक. शिफ्ट सुरू व्हायच्या आधी मालकांना विचारून ठेवा: आम्ही थांबवलं आणि पाहुणा तुमच्याकडे आला, तर तुम्ही देणार का? ते देणार असतील तर तुम्ही थांबवू नका, उगाच अपमान होतो, तुमचाही आणि पाहुण्याचाही. ज्या हॉटेलात मालक शेवटी “दे रे एक” म्हणतो, तिथे वर लिहिलेलं काही चालत नाही.

स्वतः नानांशी बोलायची वेळ आली तर

आबांचं ऐकलं नाही. बोट पुन्हा फिरलं. आता जायचं, आणि लगेच जायचं. न दिसल्यासारखं करून दहा मिनिटं घालवली, तर नाना हाक मारतील, “ए पोऱ्या!” आणि मग सगळा हॉल वळून बघेल. लाज इथूनच सुरू होते. ‘नाही’ ऐकल्याची लाज कमी असते, लोकांनी बघितल्याची जास्त.

म्हणून उभं कुठे राहायचं ते बोलण्याइतकंच महत्त्वाचं. त्यांच्या आणि हॉलच्या मधे, बाजूने, त्यांना दिसाल असे. मागून नाही. खांद्यावर हात नाही. थोडं वाकून, आवाज त्यांच्यापेक्षा खाली. एकट्याने. दुसरा वेटर किंवा वॉचमन जवळ येऊन उभा राहिला की माणसाला वाटतं, धरायला आले. किचनच्या खिडकीतून हसणारी पोरं असतील तर आधी त्यांना हाकला. मोबाइल कुणी वर केला तर तो तिथेच खाली करायला लावा.

पहिलं वाक्य:

“नाना, भाकरी तव्यावर आहे, आता ताट लावतो. पुढचं जेवण झाल्यावर बघू.”

‘जेवण झाल्यावर बघू’ हे काहींना फसवणूक वाटेल. मला नाही वाटत. जेवण झाल्यावर नाना स्वतःच मागत नाहीत, हे शंभर वेळा पाहिलंय. मागितलंच, तर तेव्हा साफ सांगायचं. पण “स्टॉक संपला” किंवा “बार बंद झाला” असं म्हणू नका. पाच मिनिटांत शेजारच्या टेबलावर पेग जातो, नाना बघतात, आणि तुम्ही खोटे ठरता.

घरी अहिराणी बोलणारे पाहुणे धुळे, नंदुरबार, अमळनेर, चाळीसगावकडे बरेच भेटतात. ती तुमची बोली असेल तर तीच वापरा. “नाना, पहिले जेवी ल्या, मी शे ना” यातला ‘मी शे ना’ अर्धं काम करतो. पण येत नसेल तर उसनी आणू नका. टाइट माणसालाही ती नक्कल वाटते. रावेर-यावलकडच्या माणसाशी तर अहिराणी बोलून काही उपयोगच नाही, तिकडची बोली लेवा.

नाना ऐकत नाहीत. चार वाक्यं ठरलेली येतात, त्यांची उत्तरं तोंडपाठ ठेवा.

“पैसे देतो ना मी?”

“पैशाचा विषयच नाही, नाना. तुमचं उधार असलं तरी चाललं असतं.” (मालकांनी परवानगी दिली असेल तरच हे दुसरं वाक्य!)

“मला चढली, असं वाटतं का तुला?”

हा सापळा आहे. हो म्हणालात तर अपमान, नाही म्हणालात तर “मग आण!” या प्रश्नाला उत्तर द्यायचंच नाही, ताटाकडे वळवायचं: “नाना, मी कोण ठरवणार. खिचडी गरम आहे, तूप जास्त घालू का?” हो-नाहीचा नवा प्रश्न टाकला की टाइट माणूस बहुतेक नव्या प्रश्नाचं उत्तर देतो.

“व्याह्यांसमोर मला नाही म्हणतो?”

हे खरं दुखणं आहे, इथे सगळ्यात मऊ व्हायचं. व्याह्यांना ऐकू जाईल इतपत आवाजात: “नाना, पाहुणे तुमच्यासोबत जेवायचे थांबलेत. तुमच्याशिवाय ताटाला हात कसा लावतील?” आता न पिणं हा पाहुणचार झाला. व्याही समजदार असतील तर तेही म्हणतील, “हो हो, जेवू या.”

“मालकाला बोलाव.”

“बोलावतो, नाना.” आणि लगेच वळायचं. वाद नाही. कॅप्टन किंवा मालक येऊन तेच बोलतील, तीच भाकरी, तोच आवाज. तुम्ही परत त्या टेबलावर जायचं नाही. नानांचा राग एका चेहऱ्याला चिकटलेला असतो. चेहरा बदलला की तो निम्मा होतो.

तीनदा सांगून झालं, शिवी आली, ग्लास हलला, की तुमचं काम संपलं. तिथून पुढे कॅप्टन. हात उगारला गेला तर मालक ११२ लावतील. ते तुम्ही ठरवायचं नाही.

बिल आणि किल्ली

बिल नानांच्या पुढे ठेवू नका, आबांच्या पुढेही नाही. एरवी बिल मागवेल त्याच्याकडे जातं, पण नाना टाइट असतील तर फोल्डर टेबलाच्या मधोमध ठेवून भाच्याला म्हणा, “भाऊ, एकदा बघून घ्या.” बिलात एक पापड जास्त लागला तरी दुसऱ्या दिवशी “पिलेला बघून लुटलं” ही गोष्ट गावभर होते. सुटे पैसे मोजून ट्रेमध्ये द्या. नानांनी खिशातून काढून तुमच्या हातात हजार रुपये टीप कोंबली, तर ती घेऊ नका, भाच्याच्या समोर परत करा. सकाळी आठवण आली की ती टीप चोरी होते. उठल्यावर खुर्चीखाली, खिडकीच्या कट्ट्यावर बघा: मोबाइल, चष्मा, गमछा, आणि व्यापाऱ्याची असेल तर पिशवी.

सात नंबरला भाचा आहे म्हणून सोपं गेलं. खरी पंचाईत मोटारसायकलवर आलेल्या दोघांची असते, दोघंही प्यालेले. रक्तात १०० एमएलमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. अंगात सहा स्मॉल असलेला माणूस त्या रेघेच्या कितीतरी पुढे असतो. पण टाइट माणसाला कलम सांगून उपयोग नाही, त्याला वाटतं धमकी देतोय. त्याला त्याच्या गाडीची काळजी आहे, तिच्यावरून बोला:

“दादा, गाडी आत शेडमध्ये लावतो, वॉचमन रात्रभर आहे. सकाळी घेऊन जा. रिक्षा दारातच उभी आहे.”

रिक्षा आधी बोलावलेली हवी. “बोलावू का?” असं विचारलं की उत्तर “नको” येतं. ओळखीचा रिक्षावाला ठेवा, पत्ता सोबत्याकडून चिठ्ठीवर लिहून घ्या, आणि रिक्षाचा नंबर तुमच्या वहीत. किल्ली हिसकावू नका. काउंटरवर घेतली तर पाकिटात घालून वर गाडीचा नंबर लिहा, पाहुण्याच्या डोळ्यांदेखत.

झोपलेला पाहुणा

शेवटचं, आणि यात लाजेचा विचार बाजूला ठेवायचा. टेबलावर डोकं टेकलेल्या माणसाला हाक मारा, खांदा हलवा. डोळे उघडून नाव सांगितलं तर ठीक. उठतच नसेल, श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी असेल किंवा दोन श्वासांत दहा सेकंद जात असतील, ओठ-नखं निळसर, अंग गार, तर त्याला कुशीवर वळवा, तोंड किंचित खाली, आणि १०८. उताणा ठेवू नका, उलटी श्वासात जाते. अर्धवट शुद्धीत असलेल्याच्या तोंडात लिंबूपाणी ओतू नका. उलटी करवायला घशात बोट घालू नका. “झोपू द्या, सकाळी उतरेल” म्हणणारे सोबती असतीलच. त्यांचं ऐकायचं नाही. रक्तातली दारू झोपेतही वाढत असते, हिशेबाच्या वेळी सांगितलं ते हेच.

अॅम्ब्युलन्स येईपर्यंत एक जण जवळ बसेल. आजूबाजूच्या टेबलांना एकच वाक्य: “उन्हाचा त्रास झालाय, येतायत डॉक्टर.” अॅम्ब्युलन्सवाल्यांना मात्र खरं सांगायचं: काय प्यालं, किती, कधीपासून. वहीतली ती रेघ फाडून त्यांच्या हातात द्या.

दुसऱ्या दिवशी

मोटारसायकलवाला सकाळी अकराला येतो. मान खाली असते. दारातच विचारतो, “काल जास्तच झालं का रे?” तुम्ही झाडत असाल, कॅरम खेळत असाल, जे काही करत असाल ते तसंच चालू ठेवा.

“गाडी सावलीत लावलीय, दादा. किल्ली काउंटरला आहे. चहा घेणार?”